‘बघतो’ची किंमत

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रविवारी माझा शाळेपासूनचा मित्र साताऱ्याहून पुण्याला आमच्या घरी आला. हातात शेंगदाणा तेलाची एक लिटरची बाटली होती. लाकडी घाण्यावरचं तेल, तळाशी किंचित साका बसलेला. आल्या आल्या त्याने झाकण काढून माझ्या बायकोला वास घ्यायला लावला. “वहिनी, लहानपणीचं तेल आठवतंय का?” जेवणं झाली, मुलं आत गेली आणि त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजची भेट नेहमीची नाही.

त्याला घाणा टाकायचा होता. ३० लाखांचा प्रकल्प होता. दोन लाकडी घाणे आणि गाळणी मिळून ६ लाख, गाळ्याची अनामत, डागडुजी आणि वीजजोडणी ५ लाख, बाटल्या, लेबलं आणि परवाने २ लाख, हंगामात भरून ठेवायचे शेंगदाणे १२ लाख आणि पहिले काही महिने तगून राहायला ५ लाख. स्वतःचे ७ लाख तो घालणार होता, बँकेकडून १५ लाखांची आशा होती. राहिले ८ लाख.

“हे आठ तू घाल. वीस टक्के भागीदारी देतो. नाहीतर महिन्याला दोन टक्क्याने घेतो, तुला पटेल तसं. बाहेरच्या माणसापेक्षा घरचा बरा, म्हणून आधी तुझ्याकडे आलो.”

माझ्या जिभेवर एकच शब्द आला होता, ‘बघतो’. तो मी गिळला. कारण त्या एका शब्दाने माझी एक मैत्री आधीच गेली होती.

चार महिने टांगलेला नकार

त्याच्या सात वर्षं आधीची गोष्ट. कॉलेजातल्या एका मित्राला छपाईचं दुकान काढायचं होतं आणि त्याने माझ्याकडे ५ लाख मागितले होते. द्यायचे नाहीत हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. पण समोर बसलेल्या माणसाला तसं सांगायला जीभ रेटेना, म्हणून म्हणालो, “बघतो, गणपती होऊ देत.” गणपती झाले. मग म्हणालो, “दिवाळीचा बोनस किती येतो ते कळू दे.” दिवाळीनंतर त्याचा फोन आला की मी तो उचलायला कचरू लागलो. शेवटी मार्गशीर्षात, तोही फोनवरच, सांगितलं की यंदा जमणार नाही.

तोवर त्याने गाळ्याच्या मालकाला ५० हजारांचा विसार दिला होता. माझ्या ५ लाखांवर भिस्त ठेवून. सौदा पुढे सरकला नाही आणि विसार बुडाला. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. फक्त त्यानंतर आम्ही लग्नकार्यातच भेटायचो. “काय, बरं ना?” “बरं.” बस्स, तेवढंच.

आपल्या बोलण्यात ‘बघतो’ हा नकाराचा सभ्य प्रकार आहे. विमा विकायला आलेल्या माणसाला किंवा वर्गणीला आलेल्या मंडळाला तो बरोबर कळतो. मित्राला तो कळत नाही, कारण मित्र त्यात आपल्याला हवं तेच ऐकतो. जो माणूस धंदा उभा करतोय त्याच्या डोक्यात सतत एक बेरीज चाललेली असते: इतके माझे, इतके बँकेचे, इतके कमी. तुम्ही ‘बघतो’ म्हणालात की तुमचे पैसे त्या बेरजेत पेन्सिलने लिहिले जातात. आठ दिवसांनी पेन्सिलीची शाई होते. मग तो विसार देतो, यंत्राची आगाऊ रक्कम भरतो, नोकरीचा राजीनामा देतो. आणि दुसऱ्या कुणाकडे मागायचंही थांबवतो, कारण त्याच्या लेखी ती सोय झालेली असते. महिन्याने आलेला नकार म्हणून त्याला साध्या नकारासारखा लागत नाही, तो शब्द फिरवल्यासारखा लागतो.

म्हणून त्या रविवारी घाण्याच्या मित्राला मी वेगळं बोललो. “मला शनिवारपर्यंत वेळ दे. शनिवारी मी स्वतः साताऱ्याला येऊन सांगतो. आणि तोपर्यंत माझे पैसे धरून काही ठरवू नकोस, कुणाला विसार देऊ नकोस.” तो जरा चपापला, पण “बरं” म्हणाला. नक्की तारीख आणि ‘माझे पैसे धरू नकोस’ हे वाक्य, वेळ मागताना या दोन्ही गोष्टी बरोबर हव्यात. त्या नसतील तर मागितलेली वेळही ‘बघतो’च ठरते.

नेमकं काय मागितलं आहे?

त्या आठवड्यात आम्ही नवरा-बायको रोज रात्री यावर बोललो. पहिल्यांदा समजून घेतलं की मित्र मागतोय ते काय आहे. पैसे मागण्याच्या तीन तऱ्हा असतात आणि तिन्हींत धोका वेगवेगळा असतो.

पहिली तऱ्हा उसन्याची. पैसे दिले, व्याजाने वा बिनव्याजी, ते परत यायचे. बुडाले तर दिले तेवढेच बुडतात. दुसरी भागीदारीची, आणि इथे बहुतेकांची गफलत होते. “नुसतं नावाला भागीदार हो, काम मी बघतो” असं मित्र म्हणतो, आणि आपल्याला वाटतं की फार तर आपले ८ लाख जातील. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार मात्र भागीदार असताना पेढीने केलेल्या देण्यांना प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो. पेढीला ते देणं झेपलं नाही तर देणेकरी भागीदाराच्या स्वतःच्या मिळकतीपर्यंत येऊ शकतो. दुकानात कधी पाऊल न टाकणारा भागीदारही यातून सुटत नाही. वीस टक्के हिस्सा असेल तर देण्याचीही वीसच टक्के जबाबदारी, हा हिशोब भागीदारांच्या आपापसात चालतो, बाहेरच्या देणेकऱ्याला तो बांधील नसतो. ही जबाबदारी मर्यादित ठेवण्यासाठी एलएलपी किंवा खासगी कंपनी असे वेगळे प्रकार आहेत, पण मित्रांमधली भागीदारी सहसा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरच उरकते.

तिसरी तऱ्हा जामिनाची. तिच्यात सुरुवातीला खिशातून एक रुपयाही जात नाही, म्हणून ती सगळ्यांत सोपी वाटते. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. हप्ते थकले की आधी कर्जदाराचं सगळं विकून मग तुमच्याकडे यायला हवं असं बँकेवर बंधन नसतं. ती थेट तुम्हाला नोटीस काढू शकते. शिवाय ते थकलेलं कर्ज तुमच्या पतअहवालात दिसतं आणि उद्या मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला गेलात तर तुमच्याच वाटेत आडवं येतं.

म्हणजे ‘मदत कर’ या एकाच वाक्यात ८ लाखांची जोखीम असू शकते, किंवा राहत्या घरापर्यंत पोचणारी.

मग आमच्या बाजूचा हिशोब मांडला. बँकेत ९ लाखांची ठेव होती, आजारपण आणि नोकरीतल्या अडीअडचणीसाठी ठेवलेली. घराचे हप्ते अजून अकरा वर्षांचे. मुलगी दहावीत. बायकोने एकच प्रश्न विचारला, “हे आठ लाख गेले, तर आपण त्याच्याशी पहिल्यासारखे बोलू का?” मी खरं उत्तर दिलं, “तोंडावर बोलू. मनात नाही.” तिथेच निर्णय झाला. पैसे गेल्यावर ज्या मित्राशी आपण मोकळं बोलू शकणार नाही, त्याच्या धंद्यात पैसे घालू नयेत. पुढचे सगळे हिशोब याच्या नंतरचे.

जे गणित मी सांगितलं नाही

निर्णय झाला तरी त्याची आकडेमोड मी एकदा बसून पाहिली. एक लिटर तेलाला साधारण सव्वादोन-अडीच किलो शेंगदाणे लागतात. त्याने २.३ किलो धरले होते, भाव १२५ रुपये किलो, म्हणजे २८८ रुपये. बाटली, लेबल, वीज, मजुरी मिळून ३५. बेरीज ३२३. उरलेली पेंड १.३ किलो, ती ४५ रुपयांनी जनावरांना विकली की ५८ रुपये परत. तेलाचा खर्च पडला लिटरला २६५ रुपये. दुकानदार त्याच्याकडून ३०० ला घेणार. म्हणजे लिटरमागे ३५ रुपये सुटतात, आणि गाळ्याचं भाडं, त्याचा स्वतःचा पगार, बँकेचा हप्ता हे सगळं त्या ३५ मधूनच.

आता मला देऊ केलेलं व्याज बघा. ८ लाखांवर महिन्याला दोन टक्के म्हणजे १६ हजार. लिटरमागे ३५ प्रमाणे केवळ माझं व्याज भागवायला त्याला महिन्याला साडेचारशे लिटरपेक्षा जास्त तेल विकावं लागलं असतं. एका घाण्यात १५ किलोचा घाना घातला तर सहा-साडेसहा लिटर निघतं आणि त्याला तासभर तरी जातो. म्हणजे महिन्यातले सत्तर घाने फक्त माझ्यासाठी. ‘महिन्याला दोन टक्के’ हे आपल्याकडे इतकं सर्रास बोललं जातं की त्याचे वर्षाला चोवीस टक्के होतात हे घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि एवढं खरेदी-विक्रीच्या धंद्यातून सुटेल का, हे देणाऱ्याच्या.

दुसरी अडचण पैशाच्या फिरण्याची होती. शेंगदाणा दिवाळीच्या आगेमागे नवा माल आला की स्वस्तात भरायचा, तेही रोखीने. तेल वर्षभर विकायचं, आणि दुकानदार पैसे देणार महिना-दीड महिन्याने. १२ लाखांचा माल गोदामात अडकलेला असताना एखादा महिना विक्री कमी झाली की हप्ता चुकतो. नफा कागदावर असतो, हातात पैसा नसतो. असा धंदा मोडतो तो तोट्याने नाही, उधारीने.

हे सगळं मला दिसत होतं. तरीही ठरवलं की नकार देताना यातलं काहीही बोलायचं नाही. कारण सोपं आहे. नकाराला तुम्ही धंद्यातलं कारण दिलंत की मित्र त्याचं उत्तर देतो. भाव चढतील म्हणालात तर तो गावाकडून थेट खरेदी करीन म्हणतो. उधारीचं बोललात तर ‘रोखीनेच विकीन’ म्हणतो. एकेक हरकत तो खोडत जातो, आणि सगळ्या खोडून झाल्या की शेवटी उरतं ते एवढंच की तुझा माझ्यावर भरवसा नाही. ज्या वाक्यापासून दोघांना वाचवायचं होतं, तिथेच आपण त्याला नेऊन सोडतो. शिवाय तो महिनोन्‌महिने ज्या स्वप्नाशी झोपतोय, त्याची चिरफाड ऐकण्याच्या मनःस्थितीत तो त्या क्षणी नसतो. नकाराचं कारण आपल्या घरचं असावं, एकच असावं आणि खरं असावं.

खरं असावं, हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे एक सोपी पळवाट आहे: “माझं काही नाही रे, बायको नको म्हणते.” ही फार महागात पडते. मित्र तुमच्यावर रागावत नाही, पण ज्या घरात त्याने वर्षानुवर्षं हक्काने चहा मागितला तिथे यायला तो कचरतो. वहिनीशी त्याचं बोलणं तुटतं आणि तिला त्याचं कारणही कळत नाही. तसंच “सध्या हात आखडलाय” असं सांगून दोन महिन्यांनी नवी गाडी दारात उभी केली की त्या नकाराचा अर्थ उलटा लागतो.

शनिवारचं बोलणं

शनिवारी मी साताऱ्याला गेलो. फोनवर किंवा मेसेजने सांगायचं नाही, हे आम्ही ठरवलं होतं. मेसेजमधला ‘नाही’ माणूस दहा वेळा वाचतो आणि प्रत्येक वेळी जास्त कोरडा वाटतो. त्याच्या घरी, त्याच्या बायकोसमोर किंवा वडिलांसमोरही सांगायचं नाही, कारण तिथे त्याला चेहरा सांभाळावा लागला असता. आम्ही दोघंच अजिंक्यताऱ्याकडे चालत निघालो. चढ सुरू व्हायच्या आधीच मी बोललो. मनातलं ओझं तासभर वागवत इकडच्या-तिकडच्या गप्पा मारल्या की समोरच्याला ते कळतं, आणि पुढे त्या गप्पाही खोट्या वाटायला लागतात.

“तुला शनिवारी सांगतो म्हणालो होतो. मी पैसे घालणार नाही. आम्ही दोघांनी ठरवलंय की मित्र आणि नातेवाईक यांच्या धंद्यात पैसे गुंतवायचे नाहीत, जामीनही राहायचं नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर मला तुझ्याकडे हिशोब मागायची वेळ येईल, आणि ती मला नको आहे.”

तो थोडा वेळ गप्प चालला. मग ज्याची मला कल्पना होती ते आलं. “बरं, आठ नको. तीन तर देशील?” अशा वेळी माणूस घसरतो. नकाराची भरपाई म्हणून आपण अर्धी रक्कम कबूल करतो, आणि मग पैसेही जातात आणि ‘मागितले आठ, दिले तीन’ ही खंतही राहते. कारण रकमेचं असतं तर तडजोड झाली असती. माझं कारण रकमेचं नव्हतं, म्हणून उत्तर बदलायचं कारण नव्हतं. “तीनलाही तेच लागू आहे रे.”

“सहाच महिन्यांसाठी, बँकेचं कर्ज मंजूर होईपर्यंत?” तेच उत्तर, त्याच शब्दांत. दर वेळी नवं कारण शोधलं की आधीचं कारण खोटं वाटायला लागतं.

“मग बँकेत जामीन तरी राहा. तुझ्या खिशातून काही जात नाही.” यालाही नाही. मी म्हणालो, “जामीन म्हणजे कर्ज माझ्याही नावावर आल्यासारखं आहे. पैसे देण्यापेक्षा ते मला अवघड.”

मग त्याने विचारलं, “तुला हे चालेल असं वाटत नाही, असंच ना?” इथे मी थांबून उत्तर दिलं. “माझा निर्णय त्यावर झाला नाही. धंदा सोन्याचा असता तरी मी हेच सांगितलं असतं. तुझ्या आकड्यांबद्दल मला काही प्रश्न आहेत, ते तुला हवे असतील तेव्हा बसून बोलू. आज नको.” हे खरं होतं, आणि त्यात त्याच्या धंद्याची खोटी तारीफही नव्हती. पैसे न देताना वर ‘कल्पना मात्र झकास आहे’ म्हणायचा मोह होतो. ते बोलू नये. झकास आहे तर घालत का नाहीस, हा प्रश्न तो विचारणार नाही, पण त्याच्या मनात राहील.

आणखी एक वाक्य मी टाळलं: “पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षीही उत्तर हेच असणार असेल तर ते आजच सांगावं.

किल्ल्यावर पोचेपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. खाली आल्यावर त्याने चहा घेतला आणि म्हणाला, “लागलं जरा. पण बरं झालं सांगितलंस.” मी एवढंच म्हणालो, “लागणारच.” त्याला वाईट वाटू नये म्हणून समजूत काढत बसणं म्हणजे त्यानेच आपल्याला माफ करावं असा आग्रह धरणं. वाईट वाटायची मुभा त्याला द्यायला हवी होती.

नकारानंतरचे दिवस

नकाराबरोबर मी एक गोष्ट देऊ केली होती. “काहीही लागलं तर सांग” असं मोघम नाही, कारण त्याचा अर्थ काहीच होत नाही, किंवा मग खरंच काहीही होतो. मी म्हणालो, “पुढच्या महिन्यातला एक दिवस तुझा. मी रजा काढतो, आपण जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन येऊ.” धंद्यात नव्याने पडणाऱ्या माणसाला पहिल्यांदा मित्र आठवतात, हे कार्यालय नंतर. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम, मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रम अशा योजनांत बँकेच्या कर्जावर अनुदान असतं आणि स्वतःचा वाटा तुलनेने कमी लागतो. केंद्राच्या या कार्यक्रमात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या १० टक्के आणि विशेष गटांना ५ टक्के स्वतःचे घालावे लागतात असा नियम राहिला आहे. अटी आणि मुदती बदलत असतात, म्हणून जाऊनच विचारावं. तारणाशिवायच्या कर्जाला सरकारी पतहमी देणारी योजनाही आहे. म्हणजे मित्राच्या जामिनाची जी जागा, ती काही वेळा हमी संस्था भरून काढू शकते. त्या एका दिवसात कुणी आम्हाला पैसे दिले नाहीत, पण तिथून निघालो तेव्हा त्याच्या वहीत पुढच्या सात कामांची यादी होती.

पहिले तीन आठवडे त्याचा फोन आला नव्हता. पहिला फोन मी केला, धंद्याचा विषय न काढता, त्याच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची चौकशी करायला. नकार ज्याने दिला त्यानेच आधी फोन करावा असं मला वाटतं. ज्याने मागितलं आणि मिळालं नाही, त्याला पुन्हा दार ठोठावताना संकोच होतो. आपण थांबून राहिलो तर तो संकोच वाढत जातो आणि दोघांनाही वाटतं की समोरचाच तुटला.

याच काळात शाळेच्या ग्रुपमधल्या दोघांनी मला विचारलं, “काय रे, त्याच्या धंद्यात काही दम आहे का? आमच्याकडेही आला होता.” मी म्हणालो, “त्यालाच विचारा, त्याला सगळं पाठ आहे.” आपण पैसे घातले नाहीत ही आपली गोष्ट. ती चार ठिकाणी सांगत फिरलो, तर त्याला दुसरीकडून मिळणारे पैसेही आपण अडवतो, आणि हे त्याच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही.

दीड महिन्याने तोच आकड्यांचं बोलायला आला. तेव्हा मी लिटरमागचे ३५ रुपये आणि गोदामात अडकणारे १२ लाख त्याच्यासमोर मांडले. त्याने अर्धा तास शांतपणे ऐकलं, दोन ठिकाणी माझी चूकही काढली. माझे पैसे मध्ये नव्हते, म्हणून मी त्याला टाळण्यासाठी बोलतोय असं त्याला वाटायचं कारण उरलं नव्हतं. त्याने एकच घाणा घ्यायचं ठरवलं, हंगामात ५ लाखांचाच माल भरायचा, आणि पहिलं वर्ष दुकानदारांकडे न जाता घरोघरी रोखीने विकायचं. प्रकल्प अठरा लाखांवर आला आणि माझ्या आठची जागा त्यात राहिलीच नाही.

त्याचा घाणा आज चालू आहे. भरभराट आहे असं नाही. गेल्या वर्षी शेंगदाण्याचा भाव चढला तेव्हा तीन महिने त्याला पगार घेता आला नाही. ते त्याने मला सांगितलं, आणि मला सांगता आलं याचं कारण मी त्याचा देणेकरी नव्हतो. महिन्याला पाच लिटर तेल आम्ही त्याच्याकडून घेतो. पूर्ण पैसे देतो आणि तो घेतो. मित्र म्हणून सवलत मागायची नाही, हेही मी त्या शनिवारीच मनाशी ठरवलं होतं.

नकार नीट दिला की मैत्री टिकतेच, असं मी म्हणणार नाही. काही मित्र पैशाच्या ‘नाही’नंतर पुन्हा येत नाहीत. तो मनात आणखी काही धरून होता की नाही, हे महिन्या-दोन महिन्यांत कळतं. बोलणं धंद्यावरून सरकून पूर्वीच्या विषयांवर आलं तर जखम भरतेय. प्रत्येक बोलण्यात “तुझ्यासारख्यांना काय कळणार” असा टोमणा येत राहिला तर आणखी थोडा काळ द्यावा लागतो, आणि काही वेळा तोही पुरत नाही. आणि कुणाला द्यायचेच असतील, तर परत येण्याची आशा न धरता देता येतील एवढेच द्यावेत आणि ‘हे तुझेच’ असं स्वच्छ सांगावं. भागीदारीचं नाव त्याला देऊ नये.

घाण्याच्या मित्राबरोबरचं हे सगळं मार्गी लागल्यावर मी एक राहिलेलं काम केलं. छपाईच्या दुकानवाल्या मित्राला फोन लावला. इतक्या वर्षांनी. त्याला म्हणालो, “तुला पैसे दिले नाहीत त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण तुला मार्गशीर्षापर्यंत लटकवून ठेवलं, तुझा विसार गेला, त्याची माफी मागायची आहे.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “पैशाचं काही नव्हतं रे. नाही म्हणाला असतास तर मी दुसऱ्याच दिवशी मामाकडे गेलो असतो. मी तुझ्यासाठी थांबलो होतो.”